बाबांच्या मांड्या, रोझुवास्टॅटिन आणि को-क्यू-टेन : गोळी दिवसाआड घेतली तर चालते का?

सायली_मिरज

बाबा ६६ वर्षांचे आहेत. आठ महिन्यांपूर्वी ॲन्जिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसवला. झटका आला नव्हता, पण चढावर चालताना छातीत दाटून यायचं म्हणून तपासणी केली आणि मोठा अडथळा निघाला. तेव्हापासून रोज रात्री कोलेस्टेरॉलसाठी रोझुवास्टॅटिन २० ची कॅप्सूल सुरू आहे. उपचारांआधी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १४८ होतं, तीन महिन्यांनी ७१ आलं.

साधारण महिनाभरातच दोन्ही मांड्या दुखायला लागल्या. पुढच्या बाजूने, भरून आल्यासारख्या. बसलेले उठताना हात टेकतात, गच्चीचा जिना टाळतात. त्याआधी रोज सकाळी तास-दीड तास चालणारा माणूस आहे. मेडिकलवाल्यांनी को-क्यू-टेन ३०० हे पूरक सुचवलं, ते दोन महिने घेतलं. महिन्याचे बाराशे जातात आणि फरक विचारला तर बाबा म्हणतात, "असेल थोडा." मग त्यांनी कुठेतरी वाचून कॅप्सूल एक दिवसाआड घ्यायला सुरुवात केली, तेही आम्हाला न सांगता. आता मात्र दुखणं कमी आहे म्हणतात.

माझे प्रश्न : को-क्यू-टेन चालू ठेवावं का? डोस कमी केला तर स्टेंटला धोका आहे का? आणि ही दिवसाआड पद्धत डॉक्टर मान्य करतात का? पुढच्या आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञांकडे जायचं आहे, त्याआधी नीट समजून घ्यायचं आहे.

सह्यकडा

सायली, को-क्यू-टेन अजिबात बंद करू नका. स्टॅटिन शरीरात ज्या मार्गाने कोलेस्टेरॉल बनणं थांबवतं, त्याच मार्गाने को-क्यू-टेनही बनतं. त्यामुळे गोळी सुरू झाली की ते घटतं. पेशीला ऊर्जा लागते ती त्याच्याशिवाय बनत नाही, म्हणून स्नायू थकतात. कंपन्यांना हे पहिल्यापासून माहीत आहे. मर्कने १९९० मध्ये स्टॅटिन आणि को-क्यू-टेन एकत्र करायचं पेटंट घेतलं होतं, पण अशी गोळी कधी बाजारात आणली नाही.

मी स्वतः अटोरवास्टॅटिनवर होतो, पोटऱ्या इतक्या दुखायच्या की रात्री झोप लागायची नाही. को-क्यू-टेन सुरू केल्यावर तीन आठवड्यांत मोकळा झालो. तीन वर्षं घेतोय. २०१८ साली १२ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला होता, त्यातही फायदा दिसलाय.

औषधवाला_कोल्हापूर

ताई, बाकी सगळं नंतर बोलू. आधी मला एक सांगा. ती कॅप्सूल नुसत्या रोझुवास्टॅटिनची आहे का? ॲन्जिओप्लास्टी झालेल्या पेशंटला आपल्याकडे बऱ्याचदा तीन औषधं एकाच कॅप्सूलमध्ये देतात : रोझुवास्टॅटिन, ॲस्पिरिन ७५ आणि क्लोपिडोग्रेल ७५. स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं वाचा आणि आजच सांगा.

सायली_मिरज

आत्ता बाबांना फोन करून स्ट्रिप वाचायला लावली. तिन्ही नावं आहेत. म्हणजे ते महिनाभर रक्त पातळ करायच्या गोळ्याही दिवसाआडच घेत होते?

औषधवाला_कोल्हापूर

होय. नुसत्या स्टॅटिनची गोळी दिवसाआड घेणं हा एक विषय आहे आणि ही कॅप्सूल दिवसाआड घेणं हा अगदी वेगळा. आज रात्रीपासून कॅप्सूल पुन्हा रोज सुरू करा आणि पुढच्या आठवड्याची वाट न बघता उद्याच डॉक्टरांना कळवा. मांड्या दुखतील, दुखू देत दोन दिवस. डॉक्टर ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेलची गोळी वेगळी लिहून देतील, मग रोझुवास्टॅटिनचं काय ते बघता येईल.

काउंटरवर हे मी नेहमी बघतो. कॅप्सूल सोयीची आहे, गोळ्या चुकत नाहीत, ते खरंच. पण त्यातलं एकच औषध कमी करायची वेळ आली की तीच कॅप्सूल घात करते. तिची अर्धीही करता येत नाही.

निशिगंध_एमडी

मी पुण्यात मेडिसिनची प्रॅक्टिस करते. औषधवाल्यांनी नेमकं बोट ठेवलं, त्यांचे आभार.

सायली, घाबरून जाऊ नका. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ज्या प्लेटलेटला पकडतात ती मरेपर्यंत निकामीच राहते, आणि प्लेटलेट आठ-दहा दिवस जगते. त्यामुळे एक दिवस चुकला की संरक्षण एकदम शून्यावर येत नाही. पण रोज साधारण दहावा हिस्सा नव्या प्लेटलेट रक्तात येतात, आणि आठ महिन्यांच्या स्टेंटवर असला प्रयोग कुणीही करू नये. उद्या फोन करा.

आता मूळ प्रश्नाकडे. को-क्यू-टेन आणि डोस यांच्या आधी एक प्रश्न येतो : हे दुखणं स्टॅटिनचंच आहे का? तुम्ही लिहिलेलं वर्णन त्याला जुळतं. दोन्ही बाजू, मांड्या, महिनाभरात सुरुवात, आधी असं काही नाही. एकाच पायात किंवा सांध्यात दुखणारं, मुंग्या येणारं किंवा गोळीच्या कितीतरी आधीपासूनचं दुखणं असतं तर मी कंबरेचा मणका नाहीतर गुडघा आधी बघितला असता. तरीही जुळणारं वर्णन म्हणजे पुरावा नव्हे.

तीन गोष्टी विचारते. स्नायूंची इजा दाखवणारं सीपीके आणि थायरॉइडचं टीएसएच केलंय का? दुसरी कुठली औषधं चालू आहेत, मध्ये अँटिबायोटिकचा कोर्स झाला का? लघवी कधी गडद, कोलाच्या रंगाची झाली होती का? शेवटच्याचं उत्तर "हो" असेल तर धागा बाजूला ठेवून आजच हॉस्पिटल गाठा.

सायली_मिरज

डॉक्टर, लघवीचं तसं काही नाही. सीपीके २१२ आलंय, लॅबची वरची मर्यादा २०० च्या जवळपास आहे. टीएसएच नॉर्मल. अँटिबायोटिक नाही. बीपीची एक गोळी आहे आणि पूर्वी एकदा पायाच्या अंगठ्याला गाऊट झाला होता, त्याची गोळी आता बंद आहे. शुगर नाही.

दिनकर_आजोबा

माझं वय ७४. माझेही गुडघे दुखतात, उजवा जास्त. मीही कोलेस्टेरॉलची गोळी घेतो, बारा वर्षं झाली. हा धागा वाचून वाटतंय की गुडघे गोळीनेच गेले असावेत. मग मीही दिवसाआड सुरू करू का? चार पावलं चाललं की थोडं बरं वाटतं, सकाळी उठल्यावर जास्त आखडतो.

निशिगंध_एमडी

काका, तुमचं दुखणं सांध्याचं दिसतंय. एका गुडघ्यात जास्त, सकाळी आखडणं, चार पावलांनी मोकळं होणं, आणि गोळी बारा वर्षं विनातक्रार. स्टॅटिनचं दुखणं स्नायूच्या मांसात असतं आणि बहुतेकांना गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जाणवतं. गोळी स्वतःहून बदलू नका. गुडघ्याचा एक्स-रे काढून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

सायली, सीपीके २१२ म्हणजे जवळजवळ नॉर्मलच. चालणाऱ्या माणसात एवढं सहज दिसतं. मर्यादेच्या दहापट झालं असतं तर गोळी त्याच क्षणी बंद केली असती. चारपटीच्या वर असतं तरी थांबून विचार केला असता. इथे घाई नाही, पद्धतशीर जाता येईल.

विदुला_लंडन

मी इथे वैद्यकीय संख्याशास्त्रात काम करते, म्हणून एका अभ्यासाबद्दल लिहिते. इंपीरियल कॉलेजने केलेला हा सॅमसन अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडलेले ६० लोक घेतले. प्रत्येकाला वर्षभरासाठी बारा बाटल्या दिल्या, दर महिन्याला एक. चार बाटल्यांत अटोरवास्टॅटिन २०, चारांत दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, आणि चार रिकाम्या. गोळी असेल तेव्हा ती खरी की खोटी हे कुणालाच माहीत नव्हतं. रोज मोबाईलवर त्रासाला शंभरपैकी गुण द्यायचे.

रिकाम्या महिन्यांत सरासरी ८ गुण, खोट्या गोळीवर १५.४, खऱ्या गोळीवर १६.३. म्हणजे गोळी घेतल्यावर त्रास खरोखर दुप्पट झाला, पण त्यातला जवळजवळ सगळा खोट्या गोळीनेही झाला. प्रत्येकाला त्याचे स्वतःचे आकडे दाखवले, आणि सहा महिन्यांनी बघितलं तर निम्मे लोक पुन्हा स्टॅटिन घेत होते.

सायली_मिरज

विदुलाताई, म्हणजे बाबांच्या मनाचे खेळ आहेत असं म्हणायचंय का? गोळी घ्यायची त्यांना काही भीती नव्हती. मांडी दुखेल असं त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं.

विदुला_लंडन

नाही, तसं अजिबात नाही. त्या लोकांना दुखत होतंच, १५ गुण हे खरे १५ गुण होते. प्रश्न फक्त कारणाचा आहे. आणि सरासरीवरून एकट्या माणसाबद्दल निकाल देता येत नाही. त्या ६० जणांतही काहींचा त्रास खऱ्या गोळीवरच जास्त असू शकतो. तुमचे बाबा कुठल्या गटातले, हे त्यांच्यावरच तपासून बघावं लागेल.

निशिगंध_एमडी

अगदी. आणि ते घरीही बऱ्यापैकी तपासता येतं. हृदयरोगतज्ज्ञांची संमती घेऊन असं करा :

रक्त पातळ करायची गोळी वेगळी, रोज, एकही दिवस न चुकवता. को-क्यू-टेन बंद. ते वाईट आहे म्हणून नव्हे, तर एका वेळी दोन गोष्टी हलवल्या की कशाने काय झालं ते कळत नाही म्हणून. मग स्टॅटिन दोन ते चार आठवडे पूर्ण थांबवा. झटका नुकताच आला असता तर मी एवढी सूट दिली नसती, पण बाबांचा आजार स्थिर आहे. रोज संध्याकाळी त्यांनी स्वतः वहीत शून्य ते दहा असा दुखण्याचा आकडा लिहायचा, आणि आदल्या दिवसाचा आकडा बघायचा नाही.

दुखणं स्टॅटिनचं असेल तर बहुधा दोन आठवड्यांत उतरतं. तसूभरही कमी झालं नाही तर कारण दुसरीकडे शोधायचं. कमी झालं तरी अर्धंच सिद्ध झालं. पुन्हा सुरू केल्यावर परत येतं का, ते बघितल्याशिवाय खात्री नाही.

थांबवल्यावरही ताकद कमीच होत गेली, हात डोक्यावर नेता येईना आणि सीपीके हजारांत गेलं, तर तो वेगळाच आजार असतो. त्यात शरीर स्वतःच्या स्नायूंवर हल्ला करतं. तो दुर्मीळ आहे, पण त्यात नुसती गोळी थांबवून भागत नाही.

सह्यकडा

डॉक्टर, को-क्यू-टेन "बंद" एवढ्या सहज कसं म्हणता? रक्तातलं को-क्यू-टेन स्टॅटिनने घटतं हे तर नाकारत नाही ना?

निशिगंध_एमडी

नाकारत नाही, ते खरंच घटतं. पण रक्तात ते एलडीएलच्या कणांवर बसूनच फिरतं. एस.टी.च्या फेऱ्या निम्म्या केल्या की स्टँडवर उतरणारे प्रवासी कमी दिसणारच, त्यावरून गाव ओस पडलं असं ठरत नाही. स्नायूचा तुकडा काढून मोजलं तेव्हा निकाल एकसारखे आलेले नाहीत. काहींत घट, काहींत काहीच फरक नाही.

पेटंटचं म्हणाल तर कल्पना नवी असली की पेटंट मिळतं, त्यासाठी रुग्णांवर उपयोग सिद्ध करून दाखवावा लागत नाही. २०१८ चा आढावा मी वाचलाय. १२ चाचण्यांत मिळून ५७५ माणसं. म्हणजे एकेक चाचणी लहान, डोस वेगवेगळे, दुखणं मोजायच्या पट्ट्या वेगळ्या. २०१५ च्या दुसऱ्या एका एकत्रित आढाव्यात फायदा दिसला नव्हता.

मला सर्वांत पटणारी चाचणी कनेक्टिकटमधली आहे, तीही २०१५ चीच. स्टॅटिनने स्नायू दुखतात म्हणणारे १२० लोक त्यांनी घेतले आणि आधी न सांगता खरी गोळी आणि खोटी गोळी आलटून पालटून दिली. फक्त खऱ्या गोळीवरच दुखलं असे जेमतेम ३६ टक्के निघाले. मग त्याच लोकांना स्टॅटिनबरोबर को-क्यू-टेन किंवा खोटी कॅप्सूल दिली. डोस चांगला भरभक्कम, रोज ६०० मिलिग्रॅम. रक्तातली पातळी कितीतरी पटींनी वाढली, दुखण्यात मात्र फरक पडला नाही. ज्यांचं दुखणं नक्की स्टॅटिनचं आहे अशांनाच निवडून पाहिलेली चाचणी आहे ही, म्हणून तिचं वजन माझ्या लेखी जास्त.

एक विचारू? तुम्हाला बरं वाटलं तेव्हा अटोरवास्टॅटिनचा डोस तोच होता का?

सह्यकडा

डॉक्टरांनी त्याच भेटीत ४० वरून १० केला होता. पण मला तरी को-क्यू-टेननेच बरं वाटलंय, अंगात तरतरी येते ती वेगळी. चाळीसेक माणसांवरच्या चाचणीने मी माझा अनुभव सोडणार नाही.

निशिगंध_एमडी

घ्या की, तुम्हाला मनाई करण्यासारखं त्यात काही नाही. बहुतेकांना ते सोसतं. फक्त वॉरफरिन चालू असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नये, त्याचा असर कमी होऊ शकतो. मात्र ४० चे १० होणं हा लहान बदल नव्हे.

औषधवाला_कोल्हापूर

को-क्यू-टेन घेणारच असाल तर जेवणाबरोबर घ्या, तेल-तूप असलेल्या. रिकाम्या पोटी ते फारसं शोषलं जात नाही. युबिक्विनॉल म्हणून जे महाग मिळतं ते थोडं जास्त शोषलं जातं, पण वर डॉक्टरांनी सांगितलेली ६०० ची चाचणी युबिक्विनॉलचीच होती, तेव्हा महाग घेऊन दुखणं जाईल असं मी तरी गिऱ्हाइकाला सांगत नाही.

आणि कुणी "नैसर्गिक" म्हणून लाल यीस्टचा तांदूळ सुचवला तर लक्षात ठेवा, त्यात जे काम करतं ते लोव्हास्टॅटिनच आहे. बाटलीगणिक किती, हे मात्र कुणी सांगू शकत नाही.

सायली_मिरज

सगळ्यांचे आभार. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांशी बोललो. दिवसाआडचं ऐकून ते बाबांवर चिडले, पण ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल वेगळं लिहून दिलं आणि तीन आठवडे स्टॅटिन थांबवायला हो म्हणाले. को-क्यू-टेनही थांबवलंय. वही सुरू झाली आहे, पहिल्या दिवशी बाबांनी ६ लिहिलंय.

दरम्यान, पुन्हा सुरू करताना डोस कमी करून का दिवसाआड, हे कसं ठरवतात? आणि २० चे ५ केले तर औषधाचा परिणामही चौथाईच राहील ना?

निशिगंध_एमडी

तसं होत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट आपल्या बाजूची आहे. स्टॅटिनचा बहुतेक परिणाम पहिल्या लहान डोसातच मिळतो. त्यानंतर दर वेळी डोस दुप्पट केला की एलडीएल साधारण ६ टक्के आणखी उतरतं, एवढंच. रोझुवास्टॅटिन ५ ने एलडीएल अंदाजे ३८-४० टक्के कमी होतं, २० ने ५० च्या थोडं वर. म्हणजे बाबांचं मूळचं १४८ धरलं तर २० वर ७१ आणि ५ वर ९० च्या आसपास. गोळी एक-चतुर्थांश, पण तोटा वीसेक अंकांचा. स्नायूंवरचा भार मात्र डोसाबरोबर बराच घटतो. शिवाय आशियाई लोकांत, भारतीय वंशाच्याही, रोझुवास्टॅटिनची रक्तातली पातळी गोऱ्या लोकांच्या जवळपास दुप्पट जाते. त्यामुळे अमेरिकेतल्या माहितीपत्रकातच आपल्यासाठी सुरुवात ५ ने करावी असं लिहिलंय.

दिवसाआड पद्धत सगळ्या स्टॅटिनना लागू नाही. रोझुवास्टॅटिन शरीरातून निम्मं व्हायला १९ तासांच्या आसपास लागतात, अटोरवास्टॅटिनचा परिणामही लांबतो. म्हणून ही दोन दिवसाआड चालतात. सिमवास्टॅटिन काही तासांतच उतरतं, ते दिवसाआड देण्यात अर्थ नाही. आधी स्टॅटिन न सोसलेल्या ५१ लोकांना रोझुवास्टॅटिन दिवसाआड देऊन पाहिलं होतं, सरासरी डोस ५-६ मिलिग्रॅम. त्यातल्या दहापैकी सात जणांनी ते निभावलं, आणि निभावणाऱ्यांचं एलडीएल ३४ टक्क्यांच्या आसपास उतरलं. तिथे तुलनेला खोटी गोळी नव्हती, तेव्हा दिवसाआडमुळे सोसलं की दुसऱ्यांदा सुरू करताना भीती कमी होती म्हणून, हे सांगता येणार नाही.

मोठी उणीव दुसरीच आहे. स्टॅटिनने झटके आणि मृत्यू टळतात हे ज्या मोठ्या चाचण्यांनी दाखवलं, त्या सगळ्या रोजच्या गोळीच्या होत्या. दिवसाआड घेऊन झटके किती टळतात हे मोजणारी तशी मोठी चाचणी झालेली नाही. एलडीएल उतरलं म्हणजे फायदा होणार, हा तर्क मला पटतो आणि मी त्यावर चालते. पण तो तर्क आहे.

विदुला_लंडन

मग रोज ५ हाच पहिला पर्याय का नको? पुरावा रोजच्या गोळीचा आहे, आणि दिवसाआडमध्ये आज होती की काल, हा घोळ होतोच.

निशिगंध_एमडी

बरेच डॉक्टर तसंच करतात, चूक नाही. ज्याला एकदा चांगलंच दुखलंय त्याला मी दिवसाआडपासून नेते, कारण दुसऱ्यांदा दुखलं की माणूस गोळी कायमची सोडतो. घोळ टाळायला वार ठरवून द्यायचे : सोमवार, बुधवार, शुक्रवार. रविवारी बहुतेक जण विसरतात, म्हणून मी तो धरत नाही.

सायली_मिरज

बऱ्याच दिवसांनी लिहितेय, पण वही जवळ घेऊन बसले आहे.

स्टॅटिन थांबवल्यावर पहिले काही दिवस ५-६ च होतं. दुसऱ्या आठवड्यात ३, तिसऱ्याच्या शेवटी १. जिना चढायला लागले. मग सोम-बुध-शुक्र रोझुवास्टॅटिन ५. दुखणं १ ते २ च्या मध्ये राहिलं, एकदा ३, पण त्या दिवशी शेतात विहिरीवर गेले होते. आठ आठवड्यांनी एलडीएल १०४.

डॉक्टर म्हणाले, १०४ वर थांबता येणार नाही, स्टेंटवाल्याला ५५ च्या खाली हवं. त्यांनी इझेटिमाइब १० रोज जोडलं. पुढच्या तपासणीत ८३. मग रोझुवास्टॅटिन ५ रोज करून पाहिलं. आता एलडीएल ७३ आहे आणि वहीत २. बाबा म्हणतात, २ चालतंय. आता डॉक्टर म्हणतात १० रोज करू. बाबांनी साफ नकार दिलाय.

निशिगंध_एमडी

सायली, हे फार नीट केलंत. कोलेस्टेरॉल शरीर बनवतं तसं आतड्यातूनही शोषतं. इझेटिमाइब ते शोषणं अडवतं, म्हणून लहान डोसाच्या स्टॅटिनबरोबर त्याची जोडी चांगली जमते. २०२२ मध्ये कोरियातली ३,७८० रुग्णांची चाचणी आली. एका गटाला रोझुवास्टॅटिन १० आणि इझेटिमाइब, दुसऱ्याला नुसतं रोझुवास्टॅटिन २०. तीन वर्षांत हृदयाच्या घटनांत पहिला गट मागे पडला नाही, आणि न सोसल्यामुळे गोळी सोडावी किंवा कमी करावी लागली अशांचं प्रमाण त्यात ४.८ टक्के, दुसऱ्यात ८.२ टक्के. म्हणून मी ५ वरून १० ला लगेच ढकलणार नाही. बेंपेडोइक ॲसिडबद्दल डॉक्टरांना विचारा. तेही त्याच मार्गावर काम करतं, पण यकृतातच कार्यरत होतं, स्नायूत नाही. स्टॅटिन न सोसणाऱ्या १३,९७० लोकांवर त्याची चाचणी झाली, २०२३ मध्ये निकाल आला आणि हृदयाच्या मोठ्या घटना १३ टक्क्यांनी कमी झाल्या.

औषधवाला_कोल्हापूर

डॉक्टर, वर ताईंनी अंगठ्याच्या गाऊटचं लिहिलंय. बेंपेडोइकने युरिक ॲसिड वाढतं ना?

निशिगंध_एमडी

बरोबर, वाढतं, आणि गाऊट झालेल्यांना पुन्हा होण्याची शक्यताही वाढते. सायली, आधी युरिक ॲसिड करून घ्या.

सायली_मिरज

आज रिपोर्ट आला, ७.८.

निशिगंध_एमडी

मग मी आत्ता बेंपेडोइक देणार नाही. गाऊटची गोळी पुन्हा सुरू करून मग द्यायचं, असं काही सहकारी म्हणतील, त्यातही तथ्य आहे. मी असते तर रोझुवास्टॅटिन १० फक्त सोम-बुध-शुक्र आणि बाकी दिवस ५, असं वहीसकट दोन महिने पाहिलं असतं.

विदुला_लंडन

हा जो मधला डोस सांगितलात, त्याला तर कुठल्याच चाचणीचा आधार नाही. ७३ वरून किती खाली येईल? तीन-चार अंक?

निशिगंध_एमडी

तेवढेच, फार तर. चाचणीचा आधार नाही हेही मान्य. इंजेक्शनं आहेत, त्यांनी एलडीएल निम्म्यावर येईल, पण खर्च बघून घर ठरवतं. ते तुमच्या डॉक्टरांशी आणि बाबांशी बोलूनच.

सह्यकडा

सायली, एवढं सगळं केलंत तर आता १० करताना सोबत को-क्यू-टेन देऊन बघा ना. आता वही आहे, फरक पडला तर दिसेल.

सायली_मिरज

सह्यकडाकाका, बाबाही हेच म्हणाले. पण दोन्ही एकदम नाही करणार. आधी १० तीन वार, नुसतं. वहीत आकडा ४ च्या वर गेला तर परत ५ वर येऊ, आणि मग ५ वर असतानाच बाबांना हवं असेल तर को-क्यू-टेन. डॉक्टरांची तारीख पुढच्या गुरुवारी आहे, इंजेक्शनचा खर्च तिथेच विचारते.